क्वालिटी इंजिनिअरच्या जागेची पूर्ण जेडी मिळावी

मॅडम, नमस्कार.

मी संदीप, खानापूरचा. डिप्लोमा मेकॅनिकल झालंय. गेली सात वर्षं बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. आमच्या डिप्लोमाच्या ग्रुपवर काल एका मित्राने तुमचा मेसेज टाकला. त्यात एवढंच होतं: ‘क्वालिटी इंजिनिअर, बेळगाव, अर्जंट. सीव्ही, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस पिरियड पाठवा.’ खाली तुमचा नंबर होता, म्हणून थेट तुम्हालाच लिहितोय.

मला नोकरी बदलायची आहे आणि ही जागा जमली तर आनंदच होईल. पण नुसत्या पदाच्या नावावरून काम कसलं ते कळत नाही, म्हणून पूर्ण जेडी पाठवावी ही विनंती. पीडीएफ असेल तर उत्तमच. नसेल तर कंपनीकडून तुम्हाला आलेला मजकूर कंपनीचं नाव काढून पाठवलात तरी चालेल. नाव आधी सांगता येत नाही हे मी समजू शकतो.

आमच्या भागात क्वालिटी इंजिनिअर म्हटलं की तीन वेगवेगळी कामं निघतात. फाउंड्रीत असेल तर सँड लॅब, स्पेक्ट्रो आणि कास्टिंगचं रिजेक्शन. मशीन शॉपमध्ये फर्स्ट पीस अप्रूव्हल, गेजचं कॅलिब्रेशन, सीएमएम, पीपॅप. तिसरं म्हणजे कस्टमरच्या प्लांटवर रेसिडेंट म्हणून बसणं. पगार बेळगावातून, पण माणूस कायम चाकणला. माझा अनुभव दुसऱ्या प्रकारातला आहे. पहिल्याचीही जवळून ओळख आहे, कारण मशिनिंग झाल्यावर बोअरमध्ये ब्लो होल उघडं पडलं की तो पीस फाउंड्रीच्या खात्यावर टाकायचा की आमच्या, ही भांडणं मीच मिटवतो. 8D मीच लिहितो. तिसरं काम मात्र मला जमणार नाही. घरी आई-वडील आहेत आणि थोडी शेती आहे.

जेडीत नसेल तर ठिकाणाचंही सांगा. बेळगाव म्हणजे उद्यमबाग किंवा मच्छे असेल तर मी रोज खानापूरहून येऊन-जाऊन करू शकतो. होनगा किंवा काकती असेल तर शहर ओलांडून पलीकडे जावं लागतं, तेव्हा कंपनीची बस आहे का आणि कुठून सुटते ते कळायला हवं. नाइट शिफ्टला माझी ना नाही, पण थर्ड शिफ्ट सुटल्यावर परत यायची सोय काय, तेही सांगा. लाइनवरच्या ऑपरेटरांशी कन्नड बोलायला मला अडचण येत नाही. रिपोर्ट मी इंग्रजीत करतो. कन्नड लिहिणं गरजेचं असेल तर तसं आधीच कळावं.

नोकरी कंपनीच्या रोलवर आहे की थर्ड पार्टीच्या पेरोलवर, हे माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे. अपेक्षित सीटीसीचा आकडा मी आत्ता देत नाही, तो याचसाठी. सीटीसीत कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरतात, त्यामुळे बेसिक किती आणि हातात किती पडणार हे कळल्याशिवाय मी सांगितलेला आकडा तुमच्याही कामाचा नाही आणि माझ्याही. कंपनीने पगाराची रेंज ठरवली असेल तर तीच सांगा, त्यात बसतो की नाही ते मी लगेच सांगतो. नोटीस पिरियड माझा दोन महिन्यांचा आहे. ‘अर्जंट’ म्हणजे पंधरा दिवसांत जॉइन व्हायचं असेल तर मला ते शक्य नाही. हे आत्ताच सांगितलेलं बरं, म्हणजे तुमचा वेळ जाणार नाही.

सीव्ही सोबत जोडलाय, पण तो तुम्हाला माझं काम कळावं म्हणून. जेडी वाचून मी ‘हो’ म्हणेपर्यंत कृपया तो कोणत्याही कंपनीला पाठवू नका. उद्यमबागेत सगळे एकमेकांना ओळखतात. इथल्या एका एचआरकडे सीव्ही गेला की संध्याकाळपर्यंत आमच्या साहेबांच्या कानावर जातं, आणि मी अजून घरीसुद्धा काही बोललेलो नाही. शिवाय हाच मेसेज दुसऱ्या एका ग्रुपवर दुसऱ्या कन्सल्टन्सीच्या नावाने फिरतोय. एकाच जागेसाठी दोन ठिकाणांहून माझा सीव्ही गेला तर कंपनी दोन्ही सीव्ही बाजूला ठेवते. मी तिकडे काही पाठवलेलं नाही. ही जागा तुमच्याकडेच आहे की दोघांकडे, तेवढं स्पष्ट करा.

या आठवड्यात माझी फर्स्ट शिफ्ट आहे. कामावर असताना फोन लॉकरमध्ये असतो, म्हणून संध्याकाळी चारनंतर फोन करा. रविवारी कधीही चालेल. जेडी इथेच व्हॉट्सअॅपवर टाकलीत तर रात्री वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी तुम्हाला हो-नाही कळवतो.

संदीप
खानापूर