रहदारीचा गोंगाट आणि पक्ष्यांचे गाणे: उपलब्ध अभ्यासांचा आढावा

एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र, सत्र 3. विषय: नागरी परिसंस्था

कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत, आमच्या इमारतीसमोरच्या विजेच्या तारेवर रोज पहाटे एक दयाळ गातो. फेब्रुवारीत मी त्याचे गाणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित केले आणि संगणकावर त्याचा ध्वनिआलेख काढला. आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष कंपनसंख्येचा. पावणेपाचच्या आलेखात प्रत्येक शीळ सुटी, स्वच्छ दिसते. साडेसातच्या आलेखात तळाशी राखाडी पट्टा पसरलेला आहे आणि बस गेली त्या जागी तो फुगून वर आला आहे. त्या आठ-दहा सेकंदांत दयाळाच्या खालच्या शिळा दिसतच नाहीत, वरच्या तेवढ्या दिसतात. आता दयाळाने सूर चढवला, की बसने खालचे सूर झाकले? या आढाव्यातला बराचसा वाद याच प्रश्नाभोवती फिरतो.

रहदारीच्या आवाजाची बहुतेक ऊर्जा 2 किलोहर्ट्‌झच्या खाली असते. इंजिन, टायरची घरघर, अवजड वाहनांचा गडगडाट, सगळे खर्जात. त्यामुळे त्याच पट्ट्यात बोलणाऱ्या पक्ष्याचा आवाज झाकला जातो. अशा वेळी पक्ष्याला सूर चढवता येतो, जोरात गाता येते, वेळ बदलता येते किंवा जागा सोडता येते.

सूर चढवण्याबद्दलचा सर्वांत गाजलेला अभ्यास नेदरलँड्समधील लायडन शहरातला. हान्स स्लाबेकोर्न आणि मार्ग्रीट पेट यांनी 2003 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले, की गोंगाटाच्या भागातील ग्रेट टिट नरांच्या गाण्याची किमान कंपनसंख्या शांत भागातील नरांपेक्षा जास्त असते. हा पक्षी वल्गुलीचा युरोपातला भाऊबंद. 2006 मध्ये स्लाबेकोर्न यांनी अर्डी डेन बूर-व्हिसर यांच्यासह युरोपातील दहा शहरे आणि जवळची जंगले यांची तुलना केली, तेव्हाही शहरी गाणी चढ्या सुरातली आणि जलद निघाली. पोर्टलंडमधल्या साँग स्पॅरोवर त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कामातही असाच कल दिसला.

माझ्या मते या निष्कर्षाला अभ्यासक्रमांत आणि वर्तमानपत्रांत गरजेपेक्षा जास्त वजन मिळाले आहे. पहिली अडचण मोजमापाची. सू अ‍ॅन झॉलिंगर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवून दिले, की किमान कंपनसंख्या आलेखावरून डोळ्यांनी वाचली तर गोंगाटात ती आपोआप चढलेली भासते, कारण गाण्याचा मंद खालचा भाग गोंगाटात बुडतो. माझ्या साडेसातच्या आलेखात नेमके हेच झाले होते. दुसरी अडचण उपयोगाची. एर्विन नेमेत आणि हेन्रिक ब्रुम यांनी 2010 मध्ये हिशोब मांडला, की सूर चढवून आवाज पोहोचण्याचे अंतर थोडेसेच वाढते, जोर वाढवला तर बरेच जास्त. त्यातच अनेक पक्ष्यांत जोरात गाताना सूर आपसूक चढतो. म्हणजे चढा सूर हा डावपेच नसून ओरडण्याचा जोडपरिणामही असू शकतो. लोकलमध्ये फोनवर बोलणाऱ्याचा आवाज चढतो तसाच.

गोंगाटात आवाज वाढवण्याच्या या प्रवृत्तीला लोंबार परिणाम म्हणतात. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी 1911 मध्ये तो माणसांत नोंदवला. पक्ष्यांतले त्याचे छान उदाहरण बर्लिनच्या नाइटिंगेलचे. ब्रुम यांनी 2004 मध्ये दाखवले, की गोंगाटाच्या जागी हे नर जास्त जोरात गातात आणि कामाच्या दिवशी सकाळी शनिवार-रविवारपेक्षा मोठ्याने. तोच पक्षी, तीच जागा, फरक फक्त वाराचा. त्यामुळे ‘शहरात मुळातच जोरदार गाणारे नर टिकतात’ हे स्पष्टीकरण इथे पुरे पडत नाही.

वेळेबाबत शेफील्डमधील रॉबिनचा अभ्यास (फुलर, वॉरन आणि गॅस्टन, 2007) वाचनीय आहे. शहरी रॉबिन रात्री गातात ते रस्त्यावरच्या दिव्यांमुळे, असे सर्रास मानले जाई. पण रात्रीच्या गाण्याशी रात्रीच्या उजेडापेक्षा दिवसाच्या गोंगाटाचा संबंध जास्त घट्ट निघाला.

जुळवून घेतले म्हणजे भागले, असेही नाही. वाउटर हाल्फवेर्क आणि सहकाऱ्यांनी (2011) ग्रेट टिटच्या माद्या ज्या पेट्यांत घरटी करतात त्यांत गोंगाट वाजवला. पहाटे नर बाहेर गातो, मादी आतून प्रतिसाद देते. शांततेत खालच्या सुरांतली गाणी परिणामकारक असतात. मादीच्या निष्ठेशीही त्यांचा संबंध आढळला. गोंगाटात हीच गाणी मादीपर्यंत नीट पोहोचेनात. म्हणजे नराची कोंडी: खाली गावे तर ऐकू जात नाही, वर गावे तर मोहिनी कमी.

ज्यांना गाणे बदलता येत नाही त्यांचे काय? गाणारे पक्षी गाणे शिकतात, म्हणून त्यांच्यात लवचीकता असते. भारद्वाजाचे घुमणे किंवा कबुतराचे गुटर्गू शिकलेले नसते आणि ते खर्जातले. न्यू मेक्सिकोतील वायुविहिरींच्या कॉम्प्रेसरजवळ क्लिंटन फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांना असे दिसले, की खालच्या पट्टीत बोलणाऱ्या जाती गोंगाटाची जागा जास्त टाळतात. तिथेच एक अनपेक्षित गोष्टही घडली: अंडी-पिल्ले खाणारा ‘स्क्रब जे’ नावाचा पक्षी गोंगाटापासून दूर राहिल्याने जवळच्या घरट्यांना उलट यश जास्त मिळाले (2009).

आवाज एकटाच दोषी की रस्त्याचा धूर, धूळ, धडकाही? आयडाहोतील ‘भुताटकीच्या रस्त्या’ने हे वेगळे केले. जंगलात सुमारे अर्धा किलोमीटर स्पीकर लावून केवळ वाहनांचा आवाज वाजवला. चार दिवस चालू, चार दिवस बंद. आवाज चालू असताना पक्ष्यांची संख्या चतुर्थांशाहून अधिक घटली (मॅक्लुअर आणि सहकारी, 2013). पुढच्या कामात, जे थांबले त्यांच्यातही स्थलांतरासाठी लागणारी चरबी कमी साठली, असे आढळले.

मला सर्वांत पटणारा पुरावा सॅन फ्रान्सिस्कोचा. एलिझाबेथ डेरीबेरी आणि सहकाऱ्यांकडे तिथल्या पांढऱ्या पट्ट्याच्या डोक्याच्या चिमण्यांची जुनी ध्वनिमुद्रणे होती. 2020 च्या वसंतात टाळेबंदीमुळे गोल्डन गेट पुलावरची वाहतूक 1954 च्या आसपासच्या पातळीवर उतरली. त्याच परिसरातल्या या चिमण्या पूर्वीपेक्षा हळू आवाजात गाऊ लागल्या, तरी त्यांचे गाणे आधीच्या जवळपास दुप्पट अंतरावर पोहोचत होते. त्याच वर्षी आमच्या सोसायटीतही ‘पक्षी किती मोठ्याने ओरडतात’ अशी चर्चा होती. पक्षी मोठ्याने ओरडत नव्हते. आपण गप्प होतो.

प्रत्यक्ष मोजमापाचा मुद्दा शेवटी. आपल्याकडच्या 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल मर्यादा आहे. ती माणसाच्या कानानुसार भारित आकड्यांत असते. त्या भारांकनात खर्जाला कमी वजन मिळते. म्हणजे भारद्वाजाला अडवणारा गडगडाट आकड्यात पुरता उतरतच नाही.

प्रकल्पासाठी मी त्याच दयाळाची नोंद करणार आहे: सहा आठवडे, दर बुधवारी आणि दर रविवारी, त्याच गच्चीवरून, त्याच वेळी. सूर डोळ्यांनी वाचायचा नाही. गाण्याच्या सर्वांत बलवान कंपनसंख्येपासून ठरावीक डेसिबल खाली गेल्यावर कडा मोजायची, आणि बस जाताना आलेख झाकला गेला तर ती शीळ गणतीतून काढायची. पहिल्या रविवारी सकाळी सहाला कॅमेऱ्याच्या तिपाईसह गच्चीवर गेले तेव्हा वॉचमनकाकांनी विचारले, ‘ड्रोन उडवताय का?’ दयाळ त्या दिवशी उशिरा आला. सात वाजून चार मिनिटांनी.