धाप लागते म्हणून जेवण सुटतं, त्यांच्यासाठी आहारपत्रक

रुग्ण: स्त्री, वय 62. पस्तीस वर्षं चुलीवर स्वयंपाक. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा आजार. उंची 150 सेमी, वजन 37 किलो, बीएमआय 16.4. मधुमेह नाही, मूत्रपिंडं ठीक. सध्या दिवसाला जेमतेम 900 कॅलरी पोटात जातात. गाठायचं: 1,500 कॅलरी, 55 ग्रॅम प्रथिनं.

पोट गच्च भरलं की छातीखालचा पडदा वर ढकलला जातो, फुप्फुसांना जागा उरत नाही आणि चार घासांत धाप लागते. म्हणून ताट नको, वाटी घ्या. पण त्या वाटीत ताकद हवी. पेज, वरणाचं पाणी, पातळ सूप यांनी पोट भरतं, अंगी लागत नाही. आजाऱ्याला हलकं द्यावं म्हणून घरोघरी नेमकं हेच दिलं जातं आणि वजन उतरत राहतं.

सकाळी 7: म्हशीचं दूध 150 मिली, त्यात साय न काढलेली दूध पावडर 2 मोठे चमचे, साखर 1 चमचा.
9: एका अंड्याची मऊ भुर्जी, तूप 1 चमचा, अर्धी पोळी दुधात कुस्करून.
11: चक्का 4 मोठे चमचे, साखर घालून.
दुपारी 1: मुगाची मऊ खिचडी 1 छोटी वाटी, वर तूप 2 चमचे.
4: अर्धं केळं, शेंगदाण्याचं बारीक कूट 2 मोठे चमचे, दूध 100 मिली, एकत्र घोटून.
7: गुरगुट्या भात, घट्ट वरण, किसलेलं पनीर 30 ग्रॅम, तूप 1 चमचा.
रात्री 9: सकाळचंच दूध.

बीएमआय इतका कमी असताना एकदम सगळं सुरू करू नका. रक्तातले पोटॅशियम आणि फॉस्फेट हे क्षार घसरू शकतात. त्यांची तपासणी आधी करून घ्या. पहिले चार दिवस 7, 1 आणि 7 च्या वेळा पूर्ण, बाकी निम्म्या.

कफ जेवणाच्या तासभर आधी काढा. श्वास मोकळा करणारा पंप डॉक्टरांनी दिलेल्या वेळापत्रकातच, पण शक्य तिथे जेवणाच्या वीस मिनिटं आधी येईल असा बसवा. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भराच, नाहीतर तोंड येतं आणि चव जाते. घरी ऑक्सिजन सांगितला असेल तर जेवताना नळी काढू नका. प्रवाह मात्र आपल्या मनाने वाढवायचा नाही.

खुर्चीत ताठ, कोपरं टेबलावर. छोटा घास, गिळून झाला की ओठ चंबूसारखे करून दोन श्वास सोडा, मग पुढचा. चिवडा, कोरडा लाडू, कडक भाकरी नको: चावताना श्वास अडतो, कण घशात जाऊन ठसका लागतो. पाणी जेवणाबरोबर घोटभरच, उरलेलं मधल्या वेळात. दुधाने कफ वाढत नाही. तोंड चिकट वाटलं तर कोमट पाण्याने चूळ भरा.

दर सोमवारी सकाळी, त्याच काट्यावर वजन. पावलं सुजून वजन वाढलं तर ते पाणी आहे, कमाई नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सकाळी डोकेदुखी, दिवसा गुंगी किंवा दर घासाला ठसका असेल तरीही तसंच.