वर्षभराचा प्रोग्रॅम : उजव्या हाताचा फास्ट बोलर, वय २६, वजन ७४ किलो

गेल्या मोसमात तुझी कंबर ऑगस्टअखेर धरली. त्याआधीचे दोन रविवार पावसात वाहून गेले होते, तू घरी बसलास आणि तिसऱ्या रविवारी एकदम १५ ओव्हर टाकल्यास. जिममध्ये तू कमी पडला नव्हतास, चेंडूंचा हिशेब चुकला होता. म्हणून यंदा वजनांच्या वहीतच चेंडूही लिहायचे, नेट्समधले धरून.

मध्य एप्रिल ते मध्य जून, ८ आठवडे

पहिले दोन आठवडे बोलिंग बंद. त्याहून जास्त सुट्टी नको. भार थांबला की हाडाची सवयही मोडते. तिसऱ्या आठवड्यात दोन दिवसांत मिळून ४८ चेंडू, पाऊणपट वेगाने. मग दर आठवड्याला १२ चेंडू वाढव. आठव्या आठवड्यात १०८ होतील आणि तेव्हा वेग पूर्ण हवा.

मंगळवार : डेडलिफ्ट ४ सेट, ५ रेप्स. ६० किलोपासून सुरुवात, दर आठवड्याला ५ किलो. पाठ गोल झाली की वजन तिथेच थांबव. बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट प्रत्येक पायाला ३ × ८. पॅलॉफ प्रेस दोन्ही बाजूंना ३ × १०.

गुरुवार : पुल-अप ४ × ६, एका हाताचा डंबेल रो ३ × १०, फेस पुल ३ × १५. रबर बँडने खांदा बाहेर फिरवणं ३ × १५, परत येताना तीन मोजत सावकाश. चेंडू सुटल्यावर हाताला ब्रेक लावणारे स्नायू हेच, आणि सगळे टाळतात तेही हेच. शेवटी २४ किलोचा डंबेल एकाच हातात धरून ३० मीटर चाल, प्रत्येक बाजूला ३ वेळा. खांदे समपातळीत, शरीर वजनाकडे झुकता कामा नये.

शनिवार : एका पायावर उडी मारून उतरणं ३ × ५, डाव्या पायापासून. क्रीजवर तोच पाय रोवतोस आणि शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट धक्का तिथून वर कमरेत जातो. गुडघा आत कोसळला तर सेट संपला. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग ३ × ५. साइड प्लँक दोन्ही बाजूंना ३ × ३० सेकंद.

वजन घेऊन सिट-अप आणि रशियन ट्विस्ट अजिबात नको. वळणं आणि वाकणं तुला बोलिंगमध्ये भरपूर मिळतं. जिममध्ये धड स्थिर ठेवायला शिकायचं आहे. डोक्यावर जड बारबेल प्रेसही नको. बारचं एक टोक कोपऱ्यात टेकवून लँडमाइन प्रेस कर.

कांगा लीग, पावसाळा

जिम दोनच दिवस. मंगळवारी डेडलिफ्ट ३ × ३, मेच्या शेवटी जमलेल्याच वजनावर. रविवारी १२ ओव्हरच्या वर गेलास तर डेडलिफ्टऐवजी हिप थ्रस्ट. गुरुवारी खांद्याचं काम, साइड प्लँक आणि नेट्समध्ये ३६ चेंडू. शनिवारी आराम, म्हणजे खरंच आराम.

मॅच धुतली गेली तर त्याच दिवशी इनडोअर नेटमध्ये ८ ओव्हर टाकायच्या. स्पाइक्स नाही, जाड सोलचे शूज. कंटाळवाणं आहे, पण गेल्या वर्षीचं भोक इथेच आहे.

आठवड्याची मर्यादा : मागच्या चार आठवड्यांची सरासरी गुणिले १.३. समजा ९६, ०, ३६, ८४ चेंडू पडले. बेरीज २१६, सरासरी ५४, मर्यादा ७०. गुरुवारचे ३६ वजा केले तर रविवारी ३४ उरतात, म्हणजे साडेपाच ओव्हर. अशा आठवड्यात गुरुवारी १० चेंडूंवर थांब आणि रविवारी १० ओव्हर टाक. हाडाला १.३ ठाऊक नसतं, आकडा अंदाजाचाच आहे. पण कॅप्टन ‘अजून एकच’ म्हणतो तेव्हा हातात काहीतरी असावं लागतं. आकडा टॉसच्या आधी सांग, स्पेलमध्ये नाही.

ऑक्टोबर ते मार्च

हेच वेळापत्रक. आठवड्यात दोन मॅच आल्या तर नेट्स बंद आणि गुरुवारी फक्त बँडचं काम. डिसेंबरच्या मध्यात एक आठवडा निम्मे चेंडू, निम्मे सेट.

कधी थांबायचं

दोन्ही बाजूंना सारखी जडलेली कंबर चालते, दोन दिवसांत सुटते. दर सोमवारी सकाळी डाव्या पायावर उभं राहून मागे वाक, मग उजव्या. उजव्या हाताच्या बोलरला स्ट्रेस फ्रॅक्चर बहुतेकदा डावीकडे होतं. त्या बाजूला बोट ठेवून दाखवता येईल असं दुखलं तर त्या दिवसापासून एकही चेंडू नाही. स्पोर्ट्सच्या डॉक्टरांना दाखव आणि एमआरआयबद्दल विचार. सुरुवातीची इजा साध्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे क्लिअर आहे’ हे मला सांगू नकोस. डाव्या बरगड्यांखाली अचानक टोचलं तर तेही त्याच दिवशी कळव.

आणि किटबॅग डोंबिवलीपासून दादरपर्यंत रोज एकाच खांद्यावर लटकवतोस, ती रॅकवर टाक. चेंडूंचा आकडा रविवारी रात्री नऊच्या आत पाठव. शून्य असला तरी पाठव.