डिस्चार्जला झालेल्या विलंबाच्या तक्रारीबाबत उत्तर

दि. 24 ऑक्टोबर 2025

संदर्भ : आपला दि. 14 ऑक्टोबरचा तक्रार अर्ज

महोदय,

11 ऑक्टोबरला सकाळी 9.20 च्या राउंडला डॉक्टरांनी आपल्याला घरी जायला सांगितले आणि प्रत्यक्षात आपण 7.10 ला, म्हणजे संध्याकाळी बाहेर पडलात. केसपेपर, लॅबच्या नोंदी आणि बिलिंगच्या वेळा मी स्वतः तपासल्या, वॉर्डमधल्या सिस्टर आणि निवासी डॉक्टरांशी बोललो. अर्जातला क्रम मी थोडा बदलला आहे. आपण चौथ्या क्रमांकावर दोन ओळींत लिहिलेली गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते, म्हणून ती आधी घेतो.

मुद्दा 4 : दुपारचे जेवण न मिळणे

सकाळी 8 वाजता आपल्याला इन्सुलिन दिले होते. 9.30 ला वॉर्डने संगणकावर ‘डिस्चार्ज’ अशी नोंद केली आणि त्याच क्षणी आपले नाव स्वयंपाकघराच्या यादीतून गेले. त्यामुळे 12.30 ला ताट आले नाही. 1.40 ला आपल्याला घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर 62 भरली. 70 च्या खाली गेलेली साखर धोक्याचीच मानली जाते. सिस्टरांनी लगेच ग्लुकोजचे पाणी दिले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले तेव्हा ती 94 होती आणि मग जेवण मागवले. उपचार योग्य झाले, पण ही वेळ यायलाच नको होती. याबद्दल रुग्णालयातर्फे मी आपली मनापासून क्षमा मागतो.

आपण त्या सिस्टरांवर कारवाईची मागणी केली आहे. ती मी मान्य करू शकत नाही. त्यांनी ठरलेल्या पद्धतीनेच नोंद केली होती आणि त्रास सुरू होताच धावल्याही त्याच. दोष पद्धतीचा होता. 20 ऑक्टोबरपासून रुग्ण प्रत्यक्ष वॉर्ड सोडेपर्यंत त्याचे जेवण आणि वेळची औषधे बंद होत नाहीत.

मुद्दा 1 : “घरी जा” सांगूनही दुपारपर्यंत थांबवणे

यातला पहिला भाग वैद्यकीय कारणाचा होता. सकाळच्या रक्तात पोटॅशियम 5.8 आले, साधारणपणे ते 3.5 ते 5 च्या दरम्यान असते. रक्त काढताना पेशी फुटल्या तर आकडा खोटाच वाढून येतो आणि त्या नमुन्यावर लॅबने तसा शेरा दिला होता. पण आकडा खरा असता तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकला असता. म्हणून 10.30 ला पुन्हा रक्त घेतले. 12.05 ला 4.6 असा रिपोर्ट आला. हे थांबवणे बरोबरच होते आणि पुन्हा तसा रिपोर्ट आला तर पुन्हा थांबवू. मात्र कशासाठी थांबवले आहे, हे आपल्याला कुणीही सांगितले नाही. दुसऱ्यांदा सुई का टोचली, हे रुग्णाला विचारावे लागू नये.

मुद्दा 2 : डिस्चार्ज कार्ड मिळण्यास उशीर

12.05 नंतरचे पावणेतीन तास यात गेले आणि त्याला वैद्यकीय कारण नाही. निवासी डॉक्टर तातडीच्या रुग्णाकडे होते, त्यांनी कार्ड 2.10 ला पूर्ण केले. वरिष्ठ डॉक्टर शस्त्रक्रियेत असल्याने सही 2.50 ला झाली. आता ज्यांचा डिस्चार्ज उद्या अपेक्षित आहे, त्यांच्या कार्डाचा मसुदा आदल्या संध्याकाळीच तयार होतो. सकाळी फक्त शेवटचे रिपोर्ट आणि औषधे भरायची राहतात.

मुद्दा 3 : विम्याची मंजुरी

3.35 ला अंतिम बिल विमा कंपनीकडे गेले. 4.40 ला त्यांनी केसपेपरच्या प्रती मागितल्या. शनिवारी आमचा विमा कक्ष 5 ला बंद होत असल्याने उत्तर 5.50 ला, दुसऱ्या विभागातून गेले. मंजुरी 6.45 ला आली. म्हणजे यातली सत्तर मिनिटे आमच्याकडेच गेली, सगळा वेळ कंपनीकडे गेला नाही. काउंटरवर आपल्याला “आमच्या हातात काही नाही” असे सांगितले गेले, ते चुकीचे होते. संबंधितांना तशी समज दिली आहे. शनिवारी हा कक्ष आता 8 पर्यंत सुरू असतो.

मुद्दा 5 : जास्तीचे शुल्क

दुपारी 12 नंतर लावलेले अर्ध्या दिवसाचे खोलीभाडे रद्द केले आहे. आपण भरलेला त्याचा वाटा, ज्या खात्यातून आला त्याच खात्यात सात दिवसांत जमा होईल. हातमोजे वगैरे साहित्याची विमा कंपनीने वगळलेली रक्कम मात्र परत करता येणार नाही. तो आपल्या पॉलिसीच्या अटींचा भाग आहे.

या उत्तराने आपले समाधान झाले नाही, तर रुग्णालयाच्या तक्रार निवारण समितीकडे आपण लेखी दाद मागू शकता. त्या बैठकीला मी सर्व नोंदी घेऊन हजर राहीन. आणि एक विनंती : पोटॅशियमची पुढची तपासणी कार्डावर लिहिलेल्या तारखेला नक्की करून घ्या.

आपला विश्वासू,
रुग्णालय प्रशासक