नलूमामीची नऊ मिनिटांची व्हॉइस नोट आणि तिच्यातून निघालेले दोन मेसेज

मामी, तुझी नोट ऐकली आणि जशी बोललीस तशी खाली उतरवून काढली. म्हणजे मी काय गाळलं ते तुला दिसेल. ग्रुपवर नऊ मिनिटं कोणी ऐकणार नाही. निखिल तर दोन मिनिटांच्या वरची नोट उघडतही नाही, विनय दीडपट वेगाने ऐकतो आणि तारखाच चुकवतो. म्हणून ग्रुपसाठी छोटा मेसेज केलाय. एक गोष्ट मात्र मुद्दाम त्यात घातलेली नाही, तिचा वेगळा मेसेज केलाय. का ते मध्ये लिहिलंय. दोन्ही वाच, मग टाकते.

तुझी नोट:

"हॅलो मेघना… चालू झालं का गं हे? लाल दिसतंय म्हणजे झालं असेल. हां. तर मेघना, तू ऑफिसात असशील, सावकाश ऐक. काही घाई नाही. म्हणजे आहे तशी. काल आमची मीटिंग झाली खाली चौकात, बिल्डरची माणसं आली होती, वकील पण होता. तो वकील इतका भराभर इंग्रजीत बोलत होता, आणि वरून शेजारच्यांचा पंखा, मला काही अर्धं कळलं नाही. पण एवढं कळलं की करार तयार झालाय. अठ्ठावीस तारखेला, शुक्रवारी, रजिस्ट्रेशन. सगळ्या मजल्यांचं एका दिवशी नाही, आपल्या मजल्याचं शुक्रवारी. दोन ओळखीचे साक्षीदार लागतील म्हणाला, आधार नि पॅन घेऊन.

मला चाळीस-पन्नास पानांचा गठ्ठा दिलाय. सगळं इंग्रजी. खोली तीनशे पाच फूट कार्पेट म्हणतात. आत्ता आपली एकशे साठ नि गॅलरी, तेव्हा म्हणायला दुप्पट. आपली इमारत चाळीस सालच्या आधीची, अ वर्गातली, म्हणून तीनशेच्या खाली देता येत नाही असं समोरच्या बिऱ्हाडातल्या काकांनी सांगितलं. ते म्हाडात खेपा घालून घालून वकीलच झालेत. भाडं महिना पंचवीस हजार, अकरा महिन्यांचे चेक आधी. पण मेघना, पुढे काय? इमारत तीन वर्षांत म्हणतात, ठाकूरद्वारच्या त्या वाडीतले लोक किती वर्षं बाहेर आहेत माहितीये ना. ते काय लिहिलंय ते कोणीतरी बघायला हवं.

थांब हं, शिट्टी झाली. (इथे कुकर, मग बराच वेळ काहीच नाही.) हां. वरण लागलं असतं. तू जेवलीस का?

तर बोरिवलीची जागा बघितली मी. बरी आहे. दुसरा मजला, लिफ्ट आहे, गॅसची पाइपलाइन आहे. मग आपल्या सिलिंडरचं काय करायचं? परत करायचा तर डिपॉझिट मिळतं म्हणे, पण पावती कुठाय, ती तुझ्या मामांनी कुठे ठेवली देव जाणे. आणि बघ ना, मेट्रोचं स्टेशन आत्ता कुठे दाराशी आलं, गिरगावात उतरायची सोय झाली, तर आपण चाललो बोरिवलीला. नशीब. फडकेवाडीच्या गणपतीला मी रोज जाते, तिथे बोरिवलीहून रोज थोडीच येणार? असो.

सामान सात डिसेंबरला हलवायचं ठरवते. रविवार आहे, मुलांना सुट्टी. गुरुवार नकोच मला, मार्गशीर्षातले गुरुवार आहेत, चारला तर दत्तजयंती. आता सातला संकष्टी येते, ते बघितलं नव्हतं मी, पण असू दे, मी खिचडी करून नेईन. तुम्हाला काय, तुम्ही वडापाव खाल. मोठं काय, ते सागवानी कपाट. ते जिन्याने उतरत नाही. चौऱ्याहत्तर साली चढवलं ते पण गॅलरीतून दोरखंड लावून चढवलेलं, अण्णा खाली उभे राहून ओरडत होते, तुझी आई तेव्हा फ्रॉकात होती, तिला विचार. दुसऱ्या मजल्यावरचं वळणच अरुंद आहे. तर हमाल जाणता हवा. आणि पाटा-वरवंटा मी टाकणार नाही, कोणी मिक्सरचं सांगू नका.

आणखी काय… हां, पेन्शन. हयातीचा दाखला. नोव्हेंबर संपत आला की मी विसरते. बँकेत गेले तर अंगठा उठतच नाही, चारदा लावला, यंत्र म्हणतं पुन्हा करा. भांडी घासून रेषा गेल्यात माझ्या. तिथली मुलगी म्हणाली मोबाइलवर चेहरा दाखवून होतं आता. ते मला काही जमायचं नाही.

आणि ते… ते एक होतं. पावती अजून अण्णांच्या नावावरच आहे ना भाड्याची. मामांनी बदलून घेऊ बदलून घेऊ करत राहून गेलं. वकील म्हणतो सगळ्या वारसांची हरकत नाही अशी सही लागेल. तुझी आई देईल गं, वन्संचं काही नाही. पण सुधाभावजी… त्यांच्याशी मामांच्या वर्षश्राद्धानंतर बोलणंच नाही धड. आता मी फोन करून सही मागायची म्हणजे… त्यांना वाटेल गरज पडली की आठवण. तेवढं बघ काय होतंय ते. नाही झालं तर राहू दे. नाही, राहू दे कसं म्हणू, त्याच्याशिवाय रजिस्टर नाही होणार म्हणाला.

बरं, ठेवते. प्राचीला फार काही सांगू नकोस, बंगळुरात बसून जिवाला लावून घेते. आणि रविवारी येशील तर चकल्या आहेत अजून दिवाळीतल्या. कसं बंद करायचं हे… हां."

मामी, सगळ्यात अवघड काम तू शेवटी, चकल्यांच्या जरा आधी सांगितलंस, आणि वर "राहू दे" म्हणालीस. बाकी कामं दोन दिवस इकडेतिकडे झाली तरी चालतील, पण सुधामामाची सही २८ तारखेच्या आत नसेल तर शुक्रवारचं रजिस्ट्रेशनच अडकेल. ते ग्रुपवर टाकलं की विनय ते वाचणार, घरी जाऊन वडिलांना सांगणार, आणि मामाला ते मुलाच्या तोंडून कळणार. त्याला ते आवडायचं नाही. म्हणून त्याला थेट मेसेज, आणि मेसेज गेला की संध्याकाळी मी फोन करेन. तू लगेच करू नकोस. आणि "गरज पडली की आठवण" असा काही सूर मेसेजात नको, म्हणून गोलगोल न लिहिता सरळ विचारलंय.

एक मात्र तुझं ऐकलं नाही. करार प्राचीलाच वाचायला दिलाय. तिचं रोजचं कामच कंत्राटं वाचायचं आहे आणि तिला नंतर कळलं तर ती जास्त जिवाला लावून घेईल. चकल्या, वरण, फ्रॉक आणि मेट्रो गाळली. पाटा-वरवंटा ठेवलाय, नाहीतर निखिल तो खरंच खाली ठेवून येईल. कपाटाचं मात्र सविस्तर लिहिलंय, कारण टेम्पोवाल्याला ते आधी सांगितलं नाही तर तो ऐन वेळी जिन्यात उभा राहून पैसे वाढवून मागतो.

ग्रुपवर (अण्णांची नातवंडं):

नलूमामीची कामं, तारखेप्रमाणे. ज्याने त्याने आपल्या कामापुढे "हो" लिहा.

१. करार (प्राची): स्कॅन आज रात्री पाठवते. गुरुवार २० पर्यंत वाचून सांग. तीन गोष्टी बघ: ३०५ फूट कार्पेट असंच लिहिलंय का, ११ महिन्यांनंतरचं भाडं कोण, कधी, किती वाढवून देणार, ताबा लांबला तर भाडं चालू राहणार का.

२. हयातीचा दाखला (मेघना): ३० ला रविवार आहे, म्हणून त्याआधीच. मामीचा अंगठा यंत्रावर उठत नाही. मी या शनिवारी, २२ ला, जाऊन जीवन प्रमाणवर चेहरा दाखवून करते. मामी, आधार आणि पेन्शनचं पासबुक काढून ठेव.

३. रजिस्ट्रेशन, शुक्रवार २८ नोव्हेंबर (निखिल, विनय): साक्षीदार म्हणून दोघं. मूळ आधार आणि पॅन. अर्धी रजा टाका, वेळ कळली की सांगते.

४. सामान, रविवार ७ डिसेंबर, सकाळी ८ (सगळे): गिरगाव ते बोरिवली. टेम्पो विनयने ठरवावा. सागवानी कपाट जिन्याने उतरत नाही, गॅलरीतून दोरखंडाने खाली घ्यावं लागेल. हे टेम्पोवाल्याला आधीच सांगून त्याचे पैसे धरूनच भाव करायचा. पाटा-वरवंटा येणार आहे, त्यावर चर्चा नाही. मामीला त्या दिवशी संकष्टी आहे.

५. गॅस (निखिल): नव्या जागेत पाइपलाइन आहे. सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करायचे. डिपॉझिटची पावती मामांच्या लोखंडी पेटीत असावी. शनिवारी मी शोधते, नाही सापडली तर एजन्सीत काय लागतं ते तू विचारून ठेव.

सुधामामाला, वेगळा:

मामा, मेघना. गिरगावच्या खोलीचा करार २८ तारखेला, शुक्रवारी रजिस्टर होतोय. भाड्याची पावती अजून अण्णांच्या नावावर आहे, त्यामुळे बिल्डरच्या वकिलाला तुझी आणि आईची "हरकत नाही" अशी सही हवी आहे. खोली मामीच्या नावाने होईल. तिथे अण्णांजवळ शेवटपर्यंत मामा-मामीच राहत होते, हे तुला माहीतच आहे.

मामीला तुला स्वतः फोन करायचा होता, पण मधे बोलणं राहून गेल्यामुळे तिला संकोच वाटला. मीच तिला म्हटलं की आधी मी विचारते.

कागदाचा मसुदा सोबत पाठवलाय. सही करण्याआधी तुझ्या ओळखीच्या वकिलाला दाखवायचा असेल तर जरूर दाखव. तुला काही खटकत असेल किंवा खोलीबद्दल काही म्हणायचं असेल तर मला सांग, कागद येऊन पडेपर्यंत थांबू नकोस. चालत असेल तर येत्या रविवारी, २३ ला, सकाळी आईला घेऊन डोंबिवलीला येते. दोघांच्या सह्या एकदमच होतील. आज संध्याकाळी सातनंतर फोन करते.

मामी, हे ठीक वाटलं तर नुसतं "टाक" म्हण. पुन्हा व्हॉइस नोट नको.