गळीत हंगाम 2024-25: चुकलेले गाळप उद्दिष्ट आणि थकीत ऊसबिले
संचालक मंडळाच्या विशेष सभेपुढे कार्यकारी संचालकांचे निवेदन, दि. 8 मार्च 2025

मा. अध्यक्षसाहेब, उपाध्यक्षसाहेब आणि सर्व सन्माननीय संचालक,

आकडे आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कशाबद्दल आहे ते स्पष्ट राहील. 6 लाख 50 हजार टनांचे उद्दिष्ट होते. 3 मार्चला शेवटची मोळी टाकली तेव्हा गाळप 4 लाख 62 हजार 300 टनांवर थांबले. 1 लाख 87 हजार 700 टन कमी, म्हणजे उद्दिष्टाच्या शंभरात एकाहत्तरच टन गाळले. उतारा 10.20 धरला होता, 9.62 मिळाला. साखर 6 लाख 63 हजार क्विंटलऐवजी 4 लाख 44 हजार 730 क्विंटल झाली. 1 फेब्रुवारीपासून आलेल्या 1 लाख 30 हजार 300 टन उसाचे 32 कोटी 57 लाख रुपये सभासदांना द्यायचे राहिले आहेत.

दुसरी गोष्ट माझ्याबद्दल आहे. हे आज ऐकून तुम्हाला धक्का बसला असेल, मला तो 20 डिसेंबरलाच बसला होता. त्या दिवशी शेतकी अधिकाऱ्यांनी तोड झालेल्या पहिल्या अकराशे हेक्टरांचा हिशेब माझ्या टेबलावर ठेवला. हेक्टरी सरासरी 67 टन होती आणि आपले सगळे गणित 80 टनांवर बसवलेले होते. पुढे बागायत पट्ट्यातला ऊस येईल तेव्हा सरासरी वर जाईल, असे मी त्यांना म्हणालो आणि जानेवारीच्या सभेत ‘उद्दिष्टाच्या जवळ जाऊ’ असे तुमच्यापुढे वाचले. सरासरी वर गेली नाही, 66 वर आली. त्या वेळी बोललो असतो तर बँकेशी बोलायला तुमच्या हातात दोन महिने जास्त असते. ती चूक शेतकी विभागाची नाही, माझी आहे. इतिवृत्तात तशीच नोंद करावी.

आता कारणे. गावात आणि गेटवर सगळ्यांच्या तोंडी जानेवारीत तुटलेला तिसऱ्या मिलचा शाफ्ट आहे. मिल 52 तास बंद होती, हे खरे. पण त्या तासांत जास्तीत जास्त 10 ते 11 हजार टन ऊस मागे पडला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस आपल्याकडे मिल होती, ऊस नव्हता. शाफ्टवर खापर फोडले तर कामगारांवर अन्याय होईल आणि खरे दुखणे तसेच राहील.

तूट दोन ठिकाणांहून आली, आणि दोन्हींचा हिशेब टनापर्यंत लागतो. नोंद 8 हजार 900 हेक्टरांची होती. हेक्टरी 14 टन कमी पडले, म्हणजे 1 लाख 24 हजार 600 टन गेले. बेणे, चारा, गुऱ्हाळे आणि बाहेरच्या कारखान्यांना मिळून 62 हजार टन जातील असे धरले होते, प्रत्यक्षात 1 लाख 25 हजार 100 टन गेले. हे जास्तीचे 63 हजार 100 टन. दोन्हींची बेरीज म्हणजे आपली पूर्ण तूट.

उत्पादन का घटले, त्यात निसर्गाचा वाटा आहे. 2023 च्या पावसाने दिलेला ताण लागणीला आणि खोडव्याला लागला. नंतर 2024 चा पाऊस इतका झाला की खालच्या शिवारात पाणी साचून राहिले आणि उसाला लवकर तुरा आला. तुरा आलेल्या उसाची वाढ थांबते, कांड्या पोकळ होतात, वजन आणि उतारा दोन्ही जातात. पण तुरा ऑक्टोबरात बांधावरून दिसत होता. आपण मागच्या चांगल्या वर्षाची सरासरी उचलून नव्या नोंदीला गुणली. एकाही गटात नमुना प्लॉट कापून वजन केले नाही. निसर्गाने ऊस कमी केला, उद्दिष्ट मात्र आपणच फुगवले.

बाहेर गेलेल्या उसाचे दुखणे जास्त लागणारे आहे. राज्यात 15 नोव्हेंबरपासून गाळपाला परवानगी होती, आपली मोळी 23 ला पडली. 20 नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते आणि बऱ्याच टोळ्या मतदान करूनच निघाल्या. आठ दिवस तिथे गेले. 420 टोळ्यांशी करार होते, आल्या 310. उरलेल्या 110 मुकादमांकडे आपली 1 कोटी 84 लाखांची उचल अडकली आहे. टोळ्या कमी म्हटल्यावर तोडीचे पाळीपत्रक कागदावरच राहिले. ज्याची तारीख 5 जानेवारी, त्याच्या फडात कोयता 28 जानेवारीला पोचला. मधल्या काळात त्याने तुरा बघितला, शेजारच्या खासगी कारखान्याचे वाहन बघितले आणि तिथे दहा दिवसांत बिल मिळते हेही ऐकले. वर खुशालीसाठी टोळीने हात पुढे केला तो वेगळाच. तक्रार करायला तो सभासद चिटबॉयकडे गेला, चिटबॉयने गट कार्यालय दाखवले आणि गट कार्यालयाने फोन उचलला नाही. अशा माणसाला आपण बेइमान म्हणू शकत नाही. या दालनात तो शब्द दोनदा ऐकला, म्हणून मुद्दाम बोललो.

परिणामांतला पहिला सभासदांचा. ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस आल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, नंतर वर्षाला 15 टक्के व्याज लागते. 22 फेब्रुवारीपर्यंतच्या उसाची मुदत आजच संपलेली आहे. 17 मार्चनंतर सगळीच रक्कम थकीत ठरेल आणि व्याजाचा बोजा रोज 1 लाख 34 हजारांचा असेल. त्याहून मोठी गोष्ट 31 मार्चची. सोसायटीचे पीककर्ज मुदतीत भरले तरच बिनव्याजी सवलत मिळते. ज्याचे ऊसबिल आपल्याकडे अडकले तो तिथे थकबाकीदार होणार, आणि नव्या हंगामाचे कर्जही लांबणार. पन्नास टनांच्या आतल्या माणसाचे वर्ष यात बुडते.

कारखान्यापुरते सांगायचे तर पगार, व्याज आणि इतर स्थिर खर्च 46 कोटींचा आहे. उद्दिष्ट गाठले असते तर तो क्विंटलला 694 रुपये पडला असता, आता 1,034 पडतो. अंदाजपत्रकात 2 कोटी 40 लाखांचा नफा होता. त्या जागी 12 ते 13 कोटींचा तोटा दिसतो. लेखापरीक्षणात थोडे इकडेतिकडे होईल, चित्र बदलणार नाही.

साखर विकून पैसे उभे करा, असे काही जण म्हणतील. गोदामातली साखर बँकेकडे तारण आहे आणि किती विकायची हे केंद्राचा मासिक कोटा ठरवतो. मार्चचा कोटा 38 हजार क्विंटल. 3,700 च्या भावाने बँकेचे 3,060 गेल्यावर आपल्या हातात क्विंटलला 640 रुपये उरतात, एकूण 2 कोटी 43 लाख. मळीचे उरलेले साठे विकून 8 कोटी 90 लाख आणि विजेच्या बिलापोटी येणे असलेले 4 कोटी 20 लाख धरले तर 15 कोटी 53 लाख होतात. बाकी 17 कोटी 4 लाखांना अल्पमुदत कर्जाशिवाय वाट नाही. जिल्हा बँकेशी प्राथमिक बोलणे झाले आहे. त्यांना आजचा ठराव हवा आहे.

वाटपाचा क्रम मी असा सुचवतो. पन्नास टनांपर्यंत ऊस घातलेले आणि बिल थकलेले 1,940 सभासद आहेत, त्यांचे 15 कोटी 52 लाख होतात. आपल्या स्वतःच्या पैशातून हे आधी, 25 मार्चच्या आत, म्हणजे सोसायटीचे हप्ते चुकणार नाहीत. कर्ज हाती आले की बाकीच्यांचे व्याजासह, आणि ते 30 एप्रिलपूर्वी. संचालकांच्या, माझ्या आणि खातेप्रमुखांच्या घरच्या उसाचे बिल सर्वांत शेवटी. शेवटचे वाक्य ठरावात लिहिलेले असावे, तोंडी नको.

पुढच्या हंगामाबद्दल आधीच सांगतो की 2025-26 ला 6 लाख 50 हजार धरू नका. त्या हंगामाचा बराचसा ऊस आज शेतात उभा आहे, आडसालीची जी लागण आपण जुलैत करू ती 2026-27 ला तुटेल. माझा आकडा 5 लाख 25 हजारांचा आहे, आणि तोही ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरात प्रत्येक गटात दहा प्लॉट कापून वजन केल्यावरच पक्का करायचा. वजन कमी भरले तर उद्दिष्ट खाली येईल, आकडा वर ओढायचा नाही. खोडव्यात पाचट न जाळता कुजवण्यासाठी आणि खतासाठी मदत एप्रिलपासून सुरू करायची. ‘को 86032’ चे निरोगी बेणे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून आणून आपल्या मळ्यावर वाढवायचे. एक जात सगळ्या शिवाराला लावायची नाही, तोडीचे वेळापत्रक जातीच्या पक्वतेवर बांधायचे.

टोळ्यांचे करार जुलैतच करू, पण मुकादमाच्या हातात एकगठ्ठा उचल देणे बंद. रक्कम टप्प्याने, तोडणी मजुरांच्या खात्यावर, आणि आधीच्या थकबाकीदार मुकादमाशी नवा करार नाही. सहा तोडणी यंत्रे सभासदांच्या गटांनी घ्यावीत, त्यांना कामाची हमी आपण द्यावी. यंत्राला सरळ, रुंद सरी लागते, म्हणून या लागणीपासूनच सांगावे लागेल. तोडीच्या तक्रारीचा एक फोन ठेवू, आणि तो मुख्य कार्यालयात वाजेल, गट कार्यालयात नाही.

माझ्याकडून एक बदल आजपासूनच. हंगामात दर पंधरा दिवसांनी अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा एक पानी तक्ता अध्यक्षसाहेबांच्या आणि तुम्हा सर्वांच्या हातात पडेल. पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर मी बैठकीची वाट बघणार नाही, त्याच दिवशी फोन करीन.

आज तीन ठराव मांडतो: 17 कोटी 4 लाखांच्या कर्जाला आणि त्याच्या परवानगीच्या प्रस्तावाला मान्यता, बिल वाटपाचा वर सांगितलेला क्रम, आणि उचल अडकलेल्या 110 मुकादमांवर वसुलीची कायदेशीर कारवाई. 2023-24 चे दप्तर काढून नोंदीचे आकडे कसे ठरले याची चौकशी करायची असल्यास ती समिती बाहेरची नेमावी, मी तिच्यात नसावे.

12 मार्चपासून गटनिहाय सभासद बैठका आहेत, पहिली होळीच्या आदल्या दिवशी सकाळी 10 वाजता कारखाना स्थळावर. बोलणार मी, तुम्ही फक्त हजर रहा. एवढीच विनंती की तोपर्यंत कोणीही ‘पाडव्याला सगळ्यांचे पैसे’ असा शब्द कुठे देऊ नये. पाडवा 30 तारखेला आहे आणि त्या दिवशी आपल्याकडे फक्त पहिल्या 1,940 जणांपुरते पैसे असणार आहेत.