व्याकरण कार्यपत्रिका : संधी, समास, अलंकार

इयत्ता दहावी, तुकडी ब, हजेरी क्रमांक 17, नाशिक
सूचना : उदाहरणे शक्यतो आपल्या परिसरातील द्या. पाठ्यपुस्तकातील उदाहरणे उतरवून काढू नका. कारण लिहिल्याशिवाय पूर्ण गुण मिळणार नाहीत.

प्रश्न 1. संधी म्हणजे काय ते एका वाक्यात सांगून स्वरसंधीची उदाहरणे फोड करून लिहा.

एकापाठोपाठ येणारे दोन वर्ण एकमेकांत मिसळून त्यांचा जोडवर्ण किंवा नवा वर्ण होतो, त्याला संधी म्हणतात.

सर्वांत आधी त्र्यंबकेश्वर घेते, कारण या एका नावात दोन संधी आहेत. त्रि + अंबक = त्र्यंबक. इथे इ पुढे विजातीय स्वर अ आला, म्हणून इ चा य् झाला. हा यणादेश. पुढे त्र्यंबक + ईश्वर = त्र्यंबकेश्वर. अ + ई = ए, हा गुणादेश. बसच्या पाटीवर हे नाव रोज वाचत होते, पण फोड करून बघितली ती या पत्रिकेमुळेच.

कुसुम + अग्रज = कुसुमाग्रज (अ + अ = आ, दीर्घत्व संधी)
पितृ + आज्ञा = पित्राज्ञा (ऋ चा र्, यणादेश). राम वनवासात आला तो पित्राज्ञेमुळेच.
जल + ओघ = जलौघ (अ + ओ = औ, वृद्ध्यादेश)

मराठीच्या स्वतःच्या संधी : नदी + आत = नदीत. इथे पुढचा आ गेला आणि मागचा ई राहिला, म्हणून पूर्वरूप. घर + ई = घरी. इथे मागचा अ गेला, म्हणून पररूप. संस्कृत नियम लावले तर 'नद्यात' व्हायला हवे होते. तसे कोणीच बोलत नाही, म्हणून या दोन संधी वेगळ्या शिकाव्या लागतात.

प्रश्न 2. व्यंजनसंधी व विसर्गसंधीचे प्रत्येकी एक उदाहरण कारणासह लिहा.

दिक् + अंबर = दिगंबर. कठोर क् पुढे स्वर आल्यामुळे क् च्या जागी त्याच वर्गातील तिसरा वर्ण ग् आला. सिंहस्थात रामकुंडावर स्नानाला येणाऱ्या वैष्णव आखाड्यांत दिगंबर आखाडा आहे.

तपः + वन = तपोवन. विसर्गाच्या मागे अ आणि पुढे मृदू व्यंजन व् आहे. विसर्गाचा उ होतो आणि अ + उ = ओ.

प्रश्न 3. पुढील शब्दांचा विग्रह करून समास ओळखा : पंचवटी, त्र्यंबक, शूर्पणखा, कुसुमाग्रज, सिंहस्थ, काळाराम, मिसळपाव, कांदेपोहे.

पंचवटी : पाच वडांचा समूह. द्विगू. पहिले पद संख्यावाचक आहे आणि पूर्ण शब्दातून एकच समूह समजतो.

त्र्यंबक : तीन अंबक (डोळे) आहेत ज्याला तो, शंकर. बहुव्रीही. सुरुवातीला मी इथेही द्विगू लिहिले होते, कारण पहिले पद 'तीन' आहे. मग लक्षात आले की हा शब्द डोळ्यांच्या समूहाबद्दल बोलतच नाही, तो तिसऱ्याच कोणाबद्दल बोलतो. आकडा दिसला की द्विगू, असे नसते. शब्द शेवटी कोणाकडे बोट दाखवतो ते बघावे लागते.

शूर्पणखा : सुपासारखी नखे आहेत जिची ती. बहुव्रीही.

कुसुमाग्रज : कुसुमचा अग्रज, म्हणजे थोरला भाऊ. षष्ठी तत्पुरुष. वि. वा. शिरवाडकरांनी बहिणीच्या नावावरून हे टोपणनाव घेतले. 27 फेब्रुवारीला, त्यांच्या जन्मदिवशी, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो; पण या नावात एक बहीण बसली आहे हे मला विग्रह करेपर्यंत माहीत नव्हते. मला या पत्रिकेतला सर्वांत आवडलेला शब्द हाच.

सिंहस्थ : सिंह राशीत असणारा (गुरू). उपपद तत्पुरुष, कारण 'स्थ' हे पद एकटे वाक्यात वापरता येत नाही.

काळाराम : काळा असा राम. कर्मधारय.

मिसळपाव : मिसळ आणि पाव. इतरेतर द्वंद्व.

कांदेपोहे : कांदे घालून केलेले पोहे. मध्यमपदलोपी. हे शेवटचे दोन सारखे वाटतात, पण पाव मिसळीत घालून शिजवत नाहीत, तो ताटात वेगळा येतो. कांदे मात्र पोह्यांतच असतात.

प्रश्न 4. उरलेल्या समासांची उदाहरणे स्वतःच्या घरातून किंवा शेतातून द्या.

दरसाल : प्रत्येक साली (अव्ययीभाव). गायरान : गाईंसाठी रान (चतुर्थी तत्पुरुष). ऋणमुक्त : ऋणातून मुक्त (पंचमी तत्पुरुष). खतपाणी : खत, पाणी वगैरे (समाहार द्वंद्व). नफातोटा : नफा किंवा तोटा (वैकल्पिक द्वंद्व).

प्रश्न 5. शब्दालंकारांची स्वतः रचलेली उदाहरणे लिहा.

अनुप्रास : गोदेच्या गढूळ गर्जनेने गाव गांगरले. (ग ची पुनरावृत्ती)

यमक : गोदा वाहे संथ, सकाळची वेळ / घाटावर चाले पाखरांचा खेळ.

श्लेष : शेतात असो की पंगतीत, पाटाशिवाय काम चालत नाही. (पाट = पाण्याचा कालवा; पाट = बसण्याची फळी)

प्रश्न 6. एकच उपमेय व एकच उपमान घेऊन जास्तीत जास्त अर्थालंकार तयार करा.

आमची द्राक्षबाग आहे. छाटणी करून करून पप्पांचे तळवे कडक झाले आहेत, म्हणून उपमेय : पप्पांचे हात, उपमान : द्राक्षवेलीचे खोड, समान गुण : खरखरीतपणा.

उपमा : पप्पांचे हात वेलीच्या खोडासारखे खरखरीत आहेत. ('सारखे' हा साधर्म्यवाचक शब्द)
उत्प्रेक्षा : पप्पांचे हात म्हणजे जणू वेलीचे खोडच.
रूपक : पप्पांच्या हातांच्या खोडावर आमच्या घराचा मांडव उभा आहे. (जणू, सारखे काहीच नाही. हात आणि खोड एकच मानले.)
अपन्हुती : हे हात नव्हेत, ही तर वेलीची खोडे. (आधी नकार, मग उपमानाची स्थापना)
व्यतिरेक : खोडाची साल तरी सोलून निघते, पप्पांचे हात त्याहून चिवट.
अनन्वय : पप्पांच्या हातांसारखे हात पप्पांचेच.
भ्रांतिमान : मुंगळा खोड समजून पप्पांच्या हातावर चढू लागला. (मुंगळ्याला खात्रीच वाटते.)
ससंदेह : अंधारात कळेना, हा हात की खोड? (इथे खात्री नाही, मन दोन्हींत हेलकावते. भ्रांतिमान आणि ससंदेह यांत एवढाच फरक.)

आठ अलंकार झाले. रूपक सुचायला सर्वांत वेळ लागला, आणि तेच मला खरे वाटते.

प्रश्न 7. अतिशयोक्ती व चेतनगुणोक्तीचे प्रत्येकी एक उदाहरण द्या.

अतिशयोक्ती : निफाडच्या थंडीत दादाने मारलेली हाक वाटेतच गोठली, ऊन वर आल्यावर ती ऐकू आली.

चेतनगुणोक्ती : ब्रह्मगिरी ढगांची घोंगडी पांघरून पावसाची वाट बघत बसला. (डोंगर अचेतन, पण वागतो माणसासारखा)

प्रश्न 8. तिन्ही घटक असलेला छोटा उतारा लिहून ते घटक दाखवा.

गोदावरीला पूर आला की लोक दुतोंड्या मारुतीकडे बघतात. पाणी कमरेपर्यंत चढलेला तो मारुती म्हणजे जणू नदीच्या पात्रात उभा असलेला चौकीदार. पूरग्रस्त बायाबापड्या सूर्योदयापासून काठावर उभ्या होत्या.

संधी : सूर्य + उदय = सूर्योदय (अ + उ = ओ). समास : पूरग्रस्त, पुराने ग्रस्त, तृतीया तत्पुरुष, बायाबापड्या, बाया, बापड्या वगैरे, समाहार द्वंद्व. अलंकार : उत्प्रेक्षा, उपमेय मारुती, उपमान चौकीदार.